डॉलर मधे धरून दोन चलनांचा क्रॉस रेट काढणे

समजा, तुमच्याकडे स्विस फ्रँक आहेत आणि पैसे द्यायचे आहेत स्वीडिश क्रोनात. समोरच्या स्क्रीनवर फ्रँक आणि क्रोना यांचा थेट भाव नाही. आहेत ते दोनच भाव, आणि दोन्ही डॉलरचे:

USD/CHF ०.८८४० / ०.८८४४
USD/SEK १०.५१२० / १०.५१८०

USD म्हणजे डॉलर, CHF म्हणजे स्विस फ्रँक, SEK म्हणजे स्वीडिश क्रोना. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, आजचा बाजारभाव म्हणून वाचू नका. यांतून CHF/SEK चा खरेदीचा आणि विक्रीचा भाव काढायचा आहे. तिसऱ्या चलनाच्या दोन भावांतून असा काढलेला भाव म्हणजे क्रॉस रेट. एकाच आकड्यात येणारा ‘साधारण इतका’ असा भाव काढणं सोपं आहे. ज्या भावावर खरोखर पैसे हलतात तो काढताना बहुतेकांचा पाय घसरतो, म्हणून हा लेख मुख्यतः त्याबद्दल आहे.

असे थेट भाव बऱ्याचदा का नसतात? बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या एप्रिल २०२२ च्या पाहणीनुसार जगातल्या ८८ टक्के चलन व्यवहारांत एका बाजूला डॉलर होता. गिऱ्हाईक डॉलरला, म्हणून भावही डॉलरचा. बाकीच्या असंख्य जोड्यांसाठी वेगळा बाजार चालवणं कुणाला परवडत नाही. त्यांचा भाव बहुतेकदा डॉलरच्या दोन भावांतूनच तयार होतो.

आधी भाव वाचायला शिका

USD/CHF यात पहिलं नाव डॉलरचं. पहिलं नाव म्हणजे ती वस्तू, दुसरं नाव म्हणजे तिची किंमत ज्यात मोजायची ते चलन. म्हणजे एका डॉलरची किंमत ०.८८ फ्रँकच्या आसपास. तिरपी रेघ पाहून इथे भागाकार आहे असं समजू नका. रेघेचा अर्थ लावायच्या भानगडीत न पडता मी मनात सरळ वाक्य म्हणतो: एक डॉलर बरोबर इतके फ्रँक.

आता दोन आकडे. डावीकडचा बिड, उजवीकडचा आस्क, आणि दोन्ही डीलरच्या बाजूने. डीलर एक डॉलर विकत घेतो तेव्हा ०.८८४० फ्रँक देतो. तोच डॉलर विकतो तेव्हा ०.८८४४ फ्रँक मागतो. मधला फरक म्हणजे स्प्रेड, त्याची कमाई. तुम्ही डॉलर विकणार असाल तर डावा आकडा तुमचा, घेणार असाल तर उजवा. कोणत्याही बाजूने गेलात तरी तुमच्या पदरात त्यातल्या त्यात वाईट भावच पडतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तपासणीला कामी येईल.

सगळ्याच जोड्यांत डॉलर पहिला नसतो. युरो, पौंड, ऑस्ट्रेलियन डॉलर आणि न्यूझीलंड डॉलर यांचे भाव उलट सांगतात: EUR/USD, GBP/USD, AUD/USD, NZD/USD. तिथे एका युरोची किंमत डॉलरमध्ये असते. पौंडाच्या बाबतीत याचं मूळ जुनं आहे. फेब्रुवारी १९७१ पर्यंत एका पौंडात २० शिलिंग, म्हणजेच २४० पेन्स होते. एका डॉलरमागे इतके पौंड, इतके शिलिंग, इतके पेन्स असा हिशोब करत बसण्यापेक्षा एका पौंडामागे इतके डॉलर म्हणणं कितीतरी सुटसुटीत. हिशोब दशमान झाला, पण सवय तशीच राहिली. आपल्यासाठी याचा अर्थ एवढाच की कुठे भागायचं आणि कुठे गुणायचं हे जोडी पाहिल्याशिवाय ठरवता येत नाही.

प्रत्यक्ष व्यवहार मनात करून पाहा

पाठ्यपुस्तकांत याची सूत्रं असतात. दोन्ही जोड्यांत डॉलर पहिला असेल तर हे, दोन्हींत दुसरा असेल तर ते, एकात पहिला आणि एकात दुसरा असेल तर तिसरंच. मी ती पाठ केली होती आणि गडबडीच्या वेळी नेमकी उलटी वापरली. त्यानंतर सूत्र सोडून दिलं. आता मी एकच प्रश्न विचारतो: पैसा हातातून कसा फिरतो?

CHF/SEK मध्ये वस्तू आहे फ्रँक आणि तिची किंमत क्रोनात. आधी बिड काढू. बिड म्हणजे डीलर फ्रँक घेणार, म्हणजेच आपण फ्रँक देणार.

आपल्या हातात १ फ्रँक आहे. पहिल्या पायरीत तो देऊन डॉलर घ्यायचे. आपण डॉलर घेतोय, म्हणजे डीलर डॉलर विकतोय, म्हणून USD/CHF चा उजवा आकडा लागणार: ०.८८४४. एका डॉलरला ०.८८४४ फ्रँक पडतात, तर एका फ्रँकमध्ये १ भागिले ०.८८४४ इतके डॉलर मिळतील.

दुसऱ्या पायरीत ते डॉलर देऊन क्रोना घ्यायचे. आता आपण डॉलर विकतोय, म्हणून USD/SEK चा डावा आकडा: १०.५१२०. एका डॉलरला १०.५१२० क्रोना मिळतात.

दोन्ही पायऱ्या जोडल्या की बिड मिळतो:

१०.५१२० ÷ ०.८८४४ = ११.८८६०

आस्कसाठी हाच प्रवास उलटा. आपण क्रोना देऊन फ्रँक घेणार. क्रोना देऊन डॉलर घेताना उजवा आकडा १०.५१८० लागतो, ते डॉलर देऊन फ्रँक घेताना डावा आकडा ०.८८४० लागतो. म्हणून आस्क:

१०.५१८० ÷ ०.८८४० = ११.८९८२

भाव तयार झाला: CHF/SEK ११.८८६० / ११.८९८२.

बिड काढताना एका जोडीचा डावा आणि दुसऱ्या जोडीचा उजवा आकडा लागला. आस्कमध्येही तसंच, फक्त अदलाबदल होऊन. डॉलर मधे आला आणि लगेच निघून गेला: एका पायरीत आपण तो घेतला, दुसरीत दिला. दोन पायऱ्यांत डॉलरची दिशा उलट असते, म्हणून आकड्याची बाजूही उलट. दोन्ही जोड्यांत डॉलर पहिला असेल तेव्हा आकडे असे तिरके येतात.

एखाद्याला हे स्प्रेडशीटमध्ये घालायचं असेल तर:

```
CHFSEK_bid = USDSEK_bid / USDCHF_ask
CHFSEK_ask = USDSEK_ask / USDCHF_bid
```

आता रक्कम घालून पाहू

नुसत्या दरांवर चूक दिसत नाही, रकमेवर दिसते. समजा २,५०,००० फ्रँक बदलायचे आहेत.

पहिल्या पायरीत २,५०,००० ÷ ०.८८४४ = २,८२,६७७.५२ डॉलर. दुसऱ्या पायरीत २,८२,६७७.५२ × १०.५१२० = सुमारे २९,७१,५०६ क्रोना. वर काढलेल्या ११.८८६० ने गुणलं तर पाच-सहा क्रोनांचा फरक येतो, कारण तो दर चार दशांशांवर तोडलेला आहे. पूर्ण दर ११.८८६०२४ असा आहे, त्याने गुणलं की हिशोब जुळतो.

आता मधल्या भावाने करून पाहा. USD/SEK चा मध्य १०.५१५०, USD/CHF चा ०.८८४२. भागाकार ११.८९२१. या दराने सुमारे २९,७३,०२६ क्रोना दिसतात, म्हणजे १,५२० क्रोना जास्त. हे जास्तीचे क्रोना कागदावरच राहतात. ताळेबंदासाठी किंवा एखाद्या अंदाजपत्रकासाठी मधला भाव चालतो. केंद्रीय बँका रोज जे एकेक आकडे जाहीर करतात त्यांचा वापरही याच कामासाठी होतो. पण त्या आकड्यांतून काढलेला क्रॉस रेट समोर ठेवून बँकेला ‘तुमचा भाव महाग आहे’ म्हणणं बरोबर नाही. त्यात स्प्रेड धरलेलाच नसतो.

सरळ खाली-वर भागलं तर काय होतं

सर्वांत जास्त होणारी चूक ही. डाव्याला डाव्याने भागायचं, उजव्याला उजव्याने. दिसायला अगदी नैसर्गिक:

१०.५१२० ÷ ०.८८४० = ११.८९१४
१०.५१८० ÷ ०.८८४४ = ११.८९२८

भाव येतो ११.८९१४ / ११.८९२८. डावा लहान, उजवा मोठा, म्हणजे सगळं ठीक वाटतं. माझ्याकडून हीच चूक झाली होती. भाव सांगून झाला, समोरच्याने लगेच होकार दिला, आणि मला वाटलं आज चांगला सौदा झाला. आपण दिलेल्या भावाला कुणी क्षणाचाही विचार न करता होकार दिला तर मी आता आधी आपलाच हिशोब तपासतो.

चूक ओळखायची खूण स्प्रेडमध्ये आहे. क्रॉस रेटमध्ये तुम्ही दोन व्यवहार करता आणि दोन्हींचा स्प्रेड भरता. म्हणून क्रॉसचा टक्क्यातला स्प्रेड हा दोन्ही जोड्यांच्या टक्क्यातल्या स्प्रेडची जवळपास बेरीज असायला हवा. आपल्या उदाहरणात USD/CHF चा स्प्रेड ०.०००४, म्हणजे मध्याच्या सुमारे ०.०४५ टक्के. USD/SEK चा ०.००६०, म्हणजे सुमारे ०.०५७ टक्के. बेरीज ०.१०२. बरोबर काढलेल्या क्रॉसचा स्प्रेड ०.०१२२, म्हणजे ११.८९२१ च्या ०.१०२ टक्के. जुळलं.

चुकीच्या पद्धतीत स्प्रेड फक्त ०.००१४ आला, म्हणजे ०.०१२ टक्के. दोन व्यवहार करून एकापेक्षाही स्वस्त? असं होत नाही. या पद्धतीत स्प्रेड एकमेकांत मिळवले जाण्याऐवजी एकमेकांतून वजा होतात.

आणि वजा करताना दुसरा मोठा निघाला तर? समजा फ्रँकचा भाव जरा सैल आहे, ०.८८३८ / ०.८८४८. मग डाव्याला डाव्याने भागून ११.८९४१ येतात आणि उजव्याला उजव्याने ११.८८७४. बिड आस्कपेक्षा मोठा! असा भाव म्हणजे डीलर महाग घेणार आणि स्वस्त विकणार. खरं तर ही चूक अशी उलटी दिसते तेव्हा बरंच असतं, कारण ती लगेच कळते. स्प्रेड नुसता अरुंद दिसतो तेव्हा ती लपून राहते.

डॉलर उलट्या बाजूला असेल तेव्हा

पद्धत तीच ठेवून आता फ्रँकच्या जागी युरो घेऊ. EUR/USD १.०८६० / १.०८६२ आणि USD/SEK पूर्वीचाच. काढायचा आहे EUR/SEK.

युरो विकून पाहा. एका युरोचे डीलर १.०८६० डॉलर देतो. ते डॉलर विकले की प्रत्येकी १०.५१२० क्रोना. भागायची गरजच पडली नाही:

१.०८६० × १०.५१२० = ११.४१६०

उलट दिशेने १.०८६२ × १०.५१८० = ११.४२४७. इथे दोन्ही डावे एकत्र आले आणि दोन्ही उजवे एकत्र. ‘नेहमी तिरके आकडे घ्या’ असं पाठ केलेला माणूस इथे हमखास चुकतो. तिरकेपणा हा मूळ नियम नव्हताच, भागाकारामुळे आलेला परिणाम होता.

दोन्ही जोड्यांत डॉलर दुसरा असेल तर पुन्हा भागाकार आणि पुन्हा तिरके आकडे. AUD/USD ०.६५८५ / ०.६५८८ धरला तर EUR/AUD चा बिड १.०८६० ÷ ०.६५८८ = १.६४८५ आणि आस्क १.०८६२ ÷ ०.६५८५ = १.६४९५. युरो विकून डॉलर घेतले, मग त्या डॉलरने ऑस्ट्रेलियन डॉलर घेतले. प्रवास बोटावर मोजला की आकडे आपोआप हातात येतात.

तरीही घाई असेल तर एक आडमार्ग आहे. शक्य त्या चारही जोड्या करून पाहा: डावा-डावा, डावा-उजवा, उजवा-डावा, उजवा-उजवा. चार उत्तरांतलं सर्वांत लहान ते बिड, सर्वांत मोठं ते आस्क. डीलर आपल्याला दोन्ही बाजूंनी वाईटच भाव देतो म्हणून हे चालतं. मात्र गुणायचं की भागायचं हे आधी नक्की ठरलेलं हवं. ते ठरवायला डॉलर उडून जातो का एवढं पाहायचं. ‘एका डॉलरला इतके क्रोना’ आणि ‘एका डॉलरला इतके फ्रँक’ यांचा गुणाकार केला तर डॉलर दोनदा छेदात बसतो, म्हणजे उत्तर निरर्थक.

दशांश लवकर तोडू नका

भागाकार नको म्हणून काही जण आधी उलटा दर काढून ठेवतात. १ ÷ ०.८८४४ = १.१३०७१०. इथपर्यंत ठीक. पण तो वहीत १.१३ असा लिहिला की गडबड सुरू.

१.१३ × १०.५१२० = ११.८७८६. बरोबर उत्तर ११.८८६०. दर बघून फरक किरकोळ वाटतो, पण आपल्या २,५०,००० फ्रँकवर तो सुमारे १,८६६ क्रोना होतो. म्हणजे मधला भाव धरून जेवढी चूक झाली होती तिच्यापेक्षाही जास्त, आणि तीही निव्वळ काही अंक गाळल्यामुळे. चार दशांश ठेवले, म्हणजे १.१३०७, तर चूक सुमारे २६ क्रोनांवर येते. मधल्या पायरीत कॅल्क्युलेटर दाखवेल तेवढे सगळे अंक ठेवा आणि शेवटचं उत्तर तेवढं गोल करा.

येनसारखी चलनं इथे आणखी एक काम वाढवतात. काही तक्त्यांत त्यांचा भाव एका एककाऐवजी १०० एककांचा छापलेला असतो. उत्तर बरोबर शंभर पट किंवा शंभरावा भाग आलं तर दुसरं काही शोधू नका, तक्त्याचं शीर्षक वाचा.

दोन भाव एकाच क्षणाचे हवेत

ही चूक गणितात सापडत नाही, कारण गणित बरोबर असतं.

समजा तुम्ही USD/CHF सकाळी टिपला आणि USD/SEK दुपारी. मधल्या वेळात डॉलर सगळ्याच चलनांच्या तुलनेत वधारला. USD/SEK चा बिड १०.५१२० वरून १०.५४०० झाला. फ्रँकचा सकाळचाच ०.८८४४ वापरला तर १०.५४०० ÷ ०.८८४४ = ११.९१७७. फ्रँक क्रोनाच्या तुलनेत पाव टक्क्याहून जास्त वाढला असं दिसतं, म्हणजे आपल्या क्रॉसच्या अख्ख्या स्प्रेडच्या अडीच पट.

प्रत्यक्षात दुपारी USD/CHF चा आस्कही त्याच प्रमाणात वाढून ०.८८६८ झालेला असेल तर क्रॉस निघतो ११.८८५४, म्हणजे सकाळी होता जवळपास तिथेच. डॉलर दोघांच्या तुलनेत सारखाच हलला तर ती हालचाल भागाकारात उडून जाते. शिळा भाव घेतला की ती उडत नाही, आणि आपण नसलेली तेजी-मंदी पाहत बसतो. क्रॉस अचानक उसळलेला दिसला तर बातमी शोधण्याआधी दोन्ही भावांची वेळ पाहा.

वेळेचा दुसरा सापळा तारखेचा. बहुतेक जोड्यांत आज ठरलेल्या व्यवहाराचे पैसे कामकाजाच्या दोन दिवसांनी हलतात. USD/CAD मध्ये मात्र एकाच दिवसाने. त्यामुळे कॅनेडियन डॉलर आणि फ्रँक यांचा क्रॉस स्क्रीनवरच्या दोन नेहमीच्या भावांतून काढला तर एक पायरी उद्याची आणि दुसरी परवाची होते. फरक एका दिवसाच्या व्याजाएवढा, म्हणजे छोटाच. पण डॉलर उद्या द्यायचे आणि परवा मिळायचे अशी वेळ आली की एका रात्रीसाठी ते कुठून तरी उसने आणावे लागतात. अशा वेळी USD/CAD चा दोन दिवसांचा भाव मागून घ्यायचा.

थेट भाव मिळालाच तर

कधी एखादी बँक CHF/SEK चा थेट भाव देते. तो आपल्या ११.८८६० / ११.८९८२ शेजारी ठेवून पाहा. थेट भाव ११.८८९० / ११.८९५० असा आतल्या आत बसत असेल तर तो घ्या. दोन व्यवहारांचा खर्च आणि खटपट दोन्ही वाचतील. तो ११.८८५० / ११.८९९० असा बाहेर पसरलेला असेल तर डॉलरमार्गे गेलेलं बरं, अर्थात दोन व्यवहारांचं वेगळं शुल्क लागणार असेल तर ते मोजून.

थेट बिड ११.८९८२ च्याही वर दिसला तर हुरळून जाऊ नका. तसं खरंच असतं तर डॉलरमार्गे फ्रँक घेऊन लगेच थेट विकणाऱ्यांनी तो फरक केव्हाच संपवला असता. दहापैकी नऊ वेळा कारण शिळा भाव किंवा चुकीची बाजू हेच असतं.

स्वीडिश क्रोनासारख्या चलनांत आणखी एक गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. त्याचा युरोशी थेट व्यवहार मोठा चालतो, फ्रँकचाही. EUR/SEK आणि EUR/CHF चे भाव हाताशी असतील तर डॉलरच्या जागी युरो बसवून हाच सगळा प्रवास पुन्हा करा: EUR/SEK चा डावा भागिले EUR/CHF चा उजवा. ज्या वाटेचा बिड मोठा येईल त्या वाटेने फ्रँक विका.